सेवेच्या अटी व गोपनीयता धोरण : मराठी अनुवादातील नेमकेपणा

भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १३ मध्ये संमतीची व्याख्या दिलेली आहे. दोन किंवा अधिक व्यक्तींनी एकाच गोष्टीस एकाच अर्थाने मान्यता दिली म्हणजे त्यांची संमती झाली, असा तिचा आशय आहे. संकेतस्थळाच्या सेवेच्या अटी व गोपनीयता धोरण यांचा मराठी अनुवाद करणाऱ्याने प्रथम ही व्याख्या ध्यानात घ्यावयास हवी. इंग्रजी मजकुरात संकेतस्थळ चालविणाऱ्या संस्थेने एक गोष्ट सांगितली आणि मराठी मजकूर वाचणाऱ्याने दुसरीच समजून 'मान्य आहे' या चौकटीवर बोट ठेवले, तर तेथे 'एकच अर्थ' उरत नाही. मग तंटा उद्भवतो, आणि त्याचे मूळ अनुवादातील एखाद्या क्रियापदात सापडते.

अशा अनुवादास आता कायद्याचेही कारण लाभले आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याच्या कलम ५ व ६ अन्वये, वैयक्तिक माहिती घेण्यापूर्वी द्यावयाची सूचना आणि संमतीची मागणी इंग्रजीत अथवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय संबंधित व्यक्तीस द्यावयाचा आहे. संमतीची मागणी स्पष्ट व सोप्या भाषेत असावी, असेही कलम ६ सांगते. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि सूचना व संमती यांविषयीच्या तरतुदींसाठी तेव्हापासून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. मराठी ही आठव्या अनुसूचीतील भाषा असल्याने सहकारी संस्था, शिक्षणसंस्था व नागरी सेवा देणारी संकेतस्थळे यांना हे काम टाळता येण्यासारखे नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. कायद्याचा मजकूर म्हणजे जड व संस्कृतप्रचुर मजकूर, अशी समजूत असते. वस्तुतः कायदेशीर भाषेचे वजन शब्दांच्या जडपणात नसते. कोणी, काय, केव्हा करावयाचे, हे प्रत्येक वाक्यात एकाच पद्धतीने सांगण्यात ते असते. म्हणूनच 'सोपी भाषा' आणि 'कायदेशीर भाषा' या दोन अपेक्षा परस्परविरोधी नाहीत.

क्रियापदांची शिस्त

इंग्रजी मसुद्यात 'शॅल' या शब्दाने बंधन आणि 'मे' या शब्दाने मुभा व्यक्त होते. महाराष्ट्रातील अधिनियमांच्या मराठी पाठांत यांसाठी ठरलेली रूपे आहेत. बंधनासाठी 'करील', मुभेसाठी 'करता येईल' आणि मनाईसाठी 'करता येणार नाही' अशी ती आहेत. संकेतस्थळांच्या अनुवादात मात्र सर्रास 'करू शकतो' असे रूप वापरलेले आढळते. 'शकणे' हे क्रियापद मुळात सामर्थ्य सांगते. 'संस्था तुमचे खाते बंद करू शकते' या वाक्यावरून संस्थेस तसा अधिकार आहे, तिच्याजवळ तशी यंत्रणा आहे, की तसे घडण्याचा संभव आहे, यांपैकी काय म्हणावयाचे आहे ते निश्चित होत नाही. अधिकार सांगावयाचा असेल तर 'संस्थेस तुमचे खाते बंद करता येईल' असे लिहावे. केवळ संभव सांगावयाचा असेल तर 'खाते बंद होण्याची शक्यता आहे' असे लिहावे. इंग्रजीतील 'मे' या एकाच शब्दाचे हे दोन अर्थ मराठीत वेगळे दाखविता येतात, आणि ते तसे दाखविले पाहिजेत.

'करावे' हे विध्यर्थी रूपही असेच जपून वापरावे लागते. 'वापरकर्त्याने परवलीचा शब्द दर तीन महिन्यांनी बदलावा' ही आज्ञा आहे की सल्ला? शासकीय परिपत्रकात हे रूप आदेश म्हणून वाचले जाते, पाठ्यपुस्तकात उपदेश म्हणून. ज्याने परवलीचा शब्द बदलला नाही, त्याची तक्रार याच वाक्याच्या आधारे फेटाळली जाण्याचा संभव असतो. यास्तव 'करावे' हे रूप केवळ सल्ल्यासाठी राखून ठेवावे आणि बंधन असेल तेथे 'बदलणे बंधनकारक आहे' असे म्हणावे.

'आपण' कोण?

मराठीतील 'आपण' हा शब्द सौजन्याचा असला तरी करारात घातक ठरतो. तो आदरार्थी द्वितीय पुरुषासाठी वापरतात, आणि बोलणारा व ऐकणारा या दोघांना मिळूनही वापरतात. करारात तर हेच दोन पक्ष परस्परांपासून वेगळे दाखवावयाचे असतात. शिवाय 'आपला' हे रूप वाक्यातील कर्त्याकडेही निर्देश करते. 'संस्था आपली माहिती सुरक्षित ठेवील' या वाक्यातील माहिती संस्थेची स्वतःची, की वाचणाऱ्याची, हे वाक्यावरून कळत नाही.

यावर उपाय असा की, संकेतस्थळ चालविणाऱ्यासाठी 'संस्था' आणि वाचणाऱ्यासाठी 'तुम्ही' अशी नावे पहिल्याच कलमात निश्चित करावीत आणि 'आपण' हा शब्द संपूर्ण मजकुरातून वगळावा. 'तुम्ही' या रूपाचा आणखी एक लाभ आहे. 'मी संमती देतो' असे छापले तर स्त्री वापरकर्त्यास ते लागू पडत नाही. 'तुम्ही संमती द्याल' यात ही अडचण उद्भवत नाही. पडद्यावरील कळीवरही 'माझी संमती आहे' असे लिहिल्यास लिंगभेद टळतो.

एक शब्द, एक अर्थ

एकाच पानावर एका संज्ञेसाठी निरनिराळे शब्द वापरणे हे ललित लेखनात शैलीचे लक्षण मानले जाईल. करारात मात्र दोन शब्द दिसले की दोन अर्थ अभिप्रेत असावेत, असा तर्क करण्यास वाव मिळतो. 'वैयक्तिक माहिती' व 'वैयक्तिक डेटा' यांपैकी कोणताही एक शब्द निवडावा, परंतु दोन्ही वापरू नयेत. सेवेच्या अटी 'मान्य' होतात आणि माहितीच्या वापरास 'संमती' दिली जाते. या दोन कृती कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या असल्याने दोन्हींसाठी 'सहमती' हा एकच शब्द योजणेही तितकेच चुकीचे आहे.

काही शब्दांची निवड ग्रामीण वाचकाच्या कानाने करावी लागते. माहिती इतरांस देण्यासाठी 'सामायिक करणे' हा शब्दप्रयोग रूढ होऊ पाहत आहे. परंतु जमिनीच्या कागदपत्रांशी परिचित असलेल्या माणसास 'सामायिक' म्हणजे एकत्र मालकीचे, असाच अर्थ प्रथम जाणवतो. तेथे 'देणे' हे साधे क्रियापद अधिक नेमके आहे. तसेच जाहिरातदार कंपनीस 'त्रयस्थ' म्हणणे फसवे ठरते, कारण मराठीत त्रयस्थ म्हणजे तटस्थ, ज्याचा हितसंबंध गुंतलेला नाही असा. त्याऐवजी 'तृतीय पक्ष' ही संज्ञा वापरून तिची व्याख्या द्यावी.

एक उदाहरण

उदाहरणादाखल एखाद्या ग्रामीण पतसंस्थेचे संकेतस्थळ घेऊ. इंग्रजी मसुद्यातील चार विधाने अशी आहेत, असे समजू. खात्याविषयीचे संदेश पाठविण्यासाठी खातेदाराचा मोबाइल क्रमांक संदेश पाठविणाऱ्या कंपनीस देण्याची मुभा संस्थेस आहे. कोणतीही वैयक्तिक माहिती न विकण्याचे बंधन तिच्यावर आहे. खातेदारास संमती केव्हाही परत घेण्याची मुभा आहे, परंतु त्याने पूर्वीची कार्यवाही अवैध ठरत नाही. खाते बंद झाल्यावर माहिती नष्ट करण्याचे बंधन आहे. कायद्याने जपावी लागणारी माहिती त्यास अपवाद आहे. घाईत केलेला अनुवाद पुढीलप्रमाणे होतो :

'संदेशांसाठी आपला मोबाइल क्रमांक आम्ही इतर कंपन्यांशी सामायिक करू शकतो. आम्ही आपली सर्व माहिती विकत नाही. आपण सहमती केव्हाही रद्द करू शकतो. खाते बंद झाल्यावर, जोपर्यंत कायद्याने आवश्यक नाही तोपर्यंत, माहिती नष्ट केली जाते.'

पहिल्या वाक्यात 'संदेश पाठविणारी कंपनी' ही मर्यादा सुटून 'इतर कंपन्या' आल्या, आणि 'खात्याविषयीचे' हा शब्द गळाल्याने जाहिरातीच्या संदेशांनाही वाट मिळाली. दुसऱ्या वाक्याचा सरळ अर्थ, सर्व विकत नाही पण काही विकतो, असाही होतो. 'सर्व' आणि नकार एकत्र आले की मराठीत हा धोका असतोच. तिसऱ्या वाक्यात संमती कोण रद्द करणार हे 'आपण' या शब्दामुळे संदिग्ध राहिले. शिवाय 'रद्द' म्हणजे मुळापासून नाहीशी, असा अर्थ निघून पूर्वीची कार्यवाहीही वादात सापडते. तिला वाचविणारा परंतुक तर गळूनच गेला. चौथ्या वाक्यात अट कालवाचक झाली, आणि 'केली जाते' या कर्मणी रूपाने नष्ट करण्याची जबाबदारी कोणाची, तेही लपले. सुधारलेला मजकूर असा :

'तुमच्या खात्याविषयीचे संदेश पाठविण्यासाठी, संदेश पाठविणाऱ्या कंपनीस तुमचा मोबाइल क्रमांक संस्थेस देता येईल. संस्था तुमची कोणतीही वैयक्तिक माहिती विकणार नाही. तुम्हांस तुमची संमती केव्हाही मागे घेता येईल. परंतु, संमती मागे घेण्यापूर्वी तिच्या आधारे केलेली कार्यवाही त्यामुळे अवैध ठरणार नाही. तुमचे खाते बंद झाल्यावर संस्था तुमची वैयक्तिक माहिती नष्ट करील. परंतु, जी माहिती जतन करणे कायद्याने आवश्यक असेल ती, कायद्याने ठरविलेल्या मुदतीपर्यंत संस्था जतन करील.'

या मजकुरात एकही अवघड शब्द नाही. तरीही प्रत्येक वाक्यात कर्ता, मुभा किंवा बंधन आणि अपवाद स्वतंत्रपणे दिसतात. 'परंतु' हा शब्द केवळ अपवाद सुरू होतो तेथेच आला आहे, ही अधिनियमांतील पद्धतही येथे पाळली आहे.

कामाचा क्रम व पडताळणी

अनुवादास आरंभ करण्यापूर्वी संपूर्ण मसुदा वाचून त्यातील संज्ञांची यादी करावी. मध्यम लांबीच्या धोरणात अशा तीस-चाळीस संज्ञा सहज निघतात. त्यांचे प्रतिशब्द ठरविताना भाषा संचालनालयाच्या न्यायव्यवहार कोशाचा व शासन व्यवहार कोशाचा आधार घ्यावा. जेथे कोशात शब्द नाही, उदाहरणार्थ 'कुकी', तेथे रूढ शब्द तसाच ठेवून त्याचा अर्थ एका वाक्यात सांगावा. हीच यादी सेवेच्या अटी, गोपनीयता धोरण, संमतीची सूचना आणि पडद्यावरील कळी या सर्वांना लागू करावी. नियमांनुसार संमतीची सूचना इतर मजकुराच्या आधाराविना स्वतंत्रपणे समजली पाहिजे. म्हणून 'अटी पाहा' एवढे म्हणून भागत नाही.

अनुवाद पूर्ण झाल्यावर संगणकावर 'शक', 'आपण', 'आपल' आणि 'जात' ही अक्षरे शोधून प्रत्येक वाक्य तपासावे. बहुतेक दोष येथेच सापडतात. त्यानंतर मूळ इंग्रजी न पाहिलेल्या व्यक्तीस, शक्य तर संकेतस्थळ प्रत्यक्ष वापरणाऱ्यास, मजकूर वाचावयास द्यावा. प्रत्येक वाक्यानंतर बंधन कोणावर, मुभा कोणास आणि अपवाद कोणता, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मूळ मसुद्याशी जुळले नाही तर वाचणाऱ्यास न समजावता वाक्य बदलावे.

बहुतेक मसुद्यांच्या शेवटी, दोन पाठांत तफावत आढळल्यास इंग्रजी पाठ प्रमाण मानला जाईल, असे कलम असते. अनुवादकाने ते गाळू नये, कारण मूळ करारात भर घालण्याचा किंवा त्यातून काही वगळण्याचा अधिकार त्यास नाही. परंतु त्या कलमाच्या आश्रयाने अनुवाद सैल ठेवणेही योग्य नव्हे. मराठी पाठ वाचून संमती देणाऱ्याने इंग्रजी पाठ पाहिलेलाच नसतो. मूळ इंग्रजीत दुरुस्ती झाली की त्याच दिवशी मराठी पाठही दुरुस्त करून दोन्हींवर एकच दिनांक घालावा. दिनांक वेगळे असतील तर कोणत्या मजकुरास संमती दिली गेली, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.