अंदाज ३४२ चा, बिल ५१७ चं

प्रश्न : मागच्या रविवारी आईला घेऊन उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये लग्नाच्या साड्या घ्यायला गेले होते. परतताना हातात पाच पिशव्या आणि लोकलला गर्दी, म्हणून अ‍ॅपवरून बदलापूरला कात्रपपर्यंत गाडी केली. बुक करताना भाडं ३४२ रुपये दाखवत होतं. अंबरनाथजवळ ड्रायव्हरने ‘गॅस भरून घेतो’ म्हणून गाडी एमआयडीसीकडे वळवली. घरी उतरलो तेव्हा बिल ५१७ रुपये! ड्रायव्हर म्हणाला, ‘मॅडम, अ‍ॅपच दाखवतंय, मी काय करू?’ पैसे दिले, पण मनातून जात नाही. ‘तो फक्त अंदाज असतो’ असं अ‍ॅपवर उत्तर आलं. खरंच काही करता येत नाही का?
— एक वाचक, बदलापूर (पूर्व)

उत्तर : करता येतं. ड्रायव्हरशी दारात हुज्जत घातली नाहीत, हे चांगलं झालं. पैसे परत करण्याचा अधिकार त्याच्या हातात नसतोच. मात्र ‘जास्त पैसे घेतले’ एवढंच लिहिलंत तर तुम्हाला आलं तसंच ठरावीक उत्तर येणार. अंदाज आणि बिल यांतले १७५ रुपये नेमके कशाचे, हे आधी तुम्हालाच शोधावं लागेल.

तुम्ही पाठवलेली पावती मी पाहिली. प्रवासाचं भाडं ५०२ रुपये आणि थांबण्याचे १५ रुपये असे दोनच आकडे आहेत. टोल किंवा पार्किंग नाही. प्रवास रात्री ८.४१ ला सुरू होऊन ९.४९ ला संपला, म्हणजे ६८ मिनिटं, अंतर १८.२ किलोमीटर. बुकिंगच्या स्क्रीनशॉटवर ४१ मिनिटं आणि १३.६ किलोमीटर आहे. वाढ भावात नसून अंतरात आणि वेळेत आहे. पावतीवरच्या नकाशात कल्याण-बदलापूर रस्त्याने सरळ जाणारी रेघ अंबरनाथला एक फाटा काढून आत जाते आणि त्याच वाटेने परत येते. ४.६ किलोमीटरचा बहुतेक हिशेब त्या फाट्यातच आहे.

आता स्वतःच्या बाजूचंही बघा. आई दुकानात पिशवी विसरली म्हणून गाडी थांबली, असं तुम्हीच पावतीसोबत लिहिलंय. ते १५ रुपये तुमचे, मागणीतून वगळा. उरले १६०. स्वतःची चूक वजा करून मागितलेला आकडा नाकारणं समोरच्याला जड जातं. वाहतूक कोंडीचंही तसंच. ठरलेल्याच रस्त्यावर गाडी अडकली आणि वेळेचे पैसे वाढले असते, तर तुमची बाजू लंगडी पडली असती, कारण वेळ किंवा अंतर बरंच बदललं तर भाडं बदलू शकतं, अशी अट बहुतेक अ‍ॅपच्या नियमांत असते. तुमची बाजू भक्कम आहे ती रस्ता तुमच्या सांगण्यावरून बदलला नाही म्हणून.

हाच मुद्दा चंदीगडच्या ग्राहक आयोगापुढे आला होता. २०२१ मध्ये उबरच्या एका प्रवाशाला ३५९ रुपये सांगून १,३३४ रुपये आकारले होते. मार्ग अनेकदा बदलला म्हणून भाडं वाढलं, असा बचाव होता. तो बदल प्रवाशाने सांगितला की ड्रायव्हरने केला, हे दाखवता आलं नाही, आणि आयोगाने निकाल प्रवाशाच्या बाजूने दिला.

आपल्या शेजारचं उदाहरण तर तुमच्या गोष्टीशी जास्तच मिळतं. जून २०१८ मध्ये डोंबिवलीच्या एका वकील महिलेने मुंबई विमानतळासाठी उबर केली. गाडी उशिरा आली, वाटेत चुकीचं वळण घेतलं, सीएनजी पंपावर थांबली, आणि विमान चुकलं. अंदाज ५६३ रुपयांचा होता, बिल ७०३ चं आलं. तक्रारीनंतर कंपनीने १३९ रुपये परत केले. ‘आम्ही फक्त प्रवासी आणि ड्रायव्हर यांची गाठ घालून देतो’ हा कंपनीचा युक्तिवाद ठाणे जिल्ह्याच्या अतिरिक्त ग्राहक आयोगाने मान्य केला नाही. अ‍ॅप आणि व्यवहार कंपनी चालवते, म्हणून सेवेतल्या त्रुटीची जबाबदारीही तिची, असं ठरलं. मनस्तापाचे दहा हजार आणि खर्चाचे दहा हजार द्यायचा आदेश झाला.

तेव्हा अ‍ॅपच्या मदत विभागात तोच प्रवास उघडून पुन्हा लिहा. मजकूर एवढाच पुरे: ‘बुकिंगच्या वेळी दाखवलेलं भाडं ३४२ रुपये, अंतर १३.६ कि.मी. प्रत्यक्ष आकारणी ५१७ रुपये, अंतर १८.२ कि.मी. ड्रायव्हरने गॅस भरण्यासाठी अंबरनाथ एमआयडीसीत गाडी नेली. मी मार्ग किंवा उतरण्याचं ठिकाण बदललं नाही. थांबण्याचे १५ रुपये मान्य. उरलेले १६० रुपये मूळ खात्यात परत करावेत.’ स्क्रीनशॉट, पावती आणि नकाशा जोडा. ‘मूळ खात्यात’ हे मुद्दाम लिहा. नाहीतर पुढच्या प्रवासात वापरायची सवलत हातात देऊन तक्रार बंद होते.

पुन्हा तेच छापील उत्तर आलं तर हाच मजकूर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचा नाव-पत्ता कंपनीला अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर द्यावाच लागतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. तेही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा.

शेवटचा दरवाजा जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे ठाण्यात, तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय कुठे आहे याने अडत नाही. मुदत दोन वर्षांची, इतक्या रकमेला शुल्क नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. पण स्पष्ट सांगतो: डोंबिवलीचा निकाल यायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला, आणि वीस हजार मिळाले त्यामागे चुकलेलं विमान होतं. नुसत्या १६० रुपयांसाठी मी हेल्पलाइनपर्यंत जाईन, आयोगात जाणार नाही. या प्रवासामुळे दुसरं काही मोठं नुकसान झालं असतं, तर सल्ला वेगळा असता.

प्रश्न : माझंही असंच झालं, पण मी स्क्रीनशॉट काढला नव्हता आणि पैसे ड्रायव्हरच्या क्यूआर कोडवर दिले. आता विसरून जाऊ का?
— एक वाचक, अंबरनाथ

उत्तर : पावती अ‍ॅपमध्ये राहते, पण बुकिंगच्या वेळचा आकडा बहुधा प्रवास संपला की दिसेनासा होतो. आज तोच मार्ग टाकून आलेला भाव पुरावा ठरत नाही. तो आजचा भाव. त्या दिवशी घरच्यांना प्रवासाची लिंक पाठवली होती का, ते व्हॉट्सअ‍ॅपवर शोधा. त्यात भाडं नसलं तरी गाडी आणि वेळ कळते. फोनमधल्या गुगल मॅप्सची टाइमलाइन चालू असेल तर गाडी कुठे वळली तेही दिसेल. तक्रारीत एक ओळ वाढवा: ‘बुकिंगच्या वेळी मला दाखवलेलं भाडं आणि अंतर आपल्या नोंदीतून कळवावं.’ तो आकडा त्यांच्याकडे असतोच.

क्यूआरचं म्हणाल तर यूपीआयच्या नोंदीतली रक्कम अ‍ॅपच्या पावतीशी ताडून बघा. दोन्ही सारख्या असतील तर वरचाच मार्ग. ड्रायव्हरने पावतीपेक्षा जास्त घेतले असतील, तर तक्रार अंदाजाची नाही, जादा वसुलीची आहे. तसंच लिहा आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक द्या.