क्लोरीनच्या पाण्यात टिकणारा कॉश्च्युम

अंधेरीचे शहाजी राजे क्रीडा संकुल असो की मुलुंडचे प्रियदर्शिनी, मुलांना तरणतलावात घालायचे म्हणजे कॉश्च्युम आणि गॉगलचा खर्च आलाच. तो कॉश्च्युम लवकर सैल पडतो, कारण कापडातला ताणला जाणारा धागा, म्हणजे स्पॅन्डेक्स किंवा लायक्रा, क्लोरीन खाऊन टाकतो. म्हणून दुकानात आधी आतली पट्टी वाचावी. नायलॉन-स्पॅन्डेक्स मऊ लागते, पण रोजच्या पोहण्याला पुरत नाही. नुसते पॉलिस्टर किंवा पॉलिस्टर-पीबीटी थोडे कडक असते, तरी बराच जास्त काळ टिकते. आपण शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतो, तसा कॉश्च्युम घेऊ नये. सैल कपड्यात पाणी भरते आणि पोहणारा मागे ओढला जातो.

तलावात उतरण्याआधी शॉवरखाली कॉश्च्युम भिजवावा. साधे पाणी प्यालेले कापड क्लोरीनचे पाणी कमी ओढते. पोहून झाल्यावर तिथेच खळबळून घ्यावा. घरच्या नळाची वाट पाहिली, तर तोवर पिशवीत क्लोरीन आपले काम करतच राहते. पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि पंख्याखाली वाळवावा. तापलेल्या पत्र्यावर तर मुळीच नको. कापड ताणून उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसू लागले, की तो बदलायचा.

गॉगल घेताना पट्टा न लावता डोळ्यांवर हलके दाबून पाहावा. क्षणभर चिकटून राहिला, तर तो चेहऱ्याला बसतो. आतून बोट फिरवू नये, धुके न धरणारा थर निघून जातो. साध्या पाण्याने धुऊन सावलीत ठेवावा. डोळे आले असतील त्याचा गॉगल दुसऱ्या भावंडाला देऊ नये.