खर्रा समोर आला की काय बोलायचं?

गोंदिया जिल्ह्यातल्या आठवी-नववीच्या वर्गात विचारलं, की खर्रा वाईट का, तर उत्तर लगेच मिळतं: कॅन्सर होतो. तरीही त्यातलीच काही मुलं खर्रा खायला लागतात. शाळा सुटल्यावर चार-पाच पोरं उभी राहतात, पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटला जातो आणि एकाच पुडीतून प्रत्येक जण चिमूट उचलतो. पुडी आपल्यापर्यंत पोचली की उत्तर द्यायला दोन-चार सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात तोंडात वाक्य तयार लागतं.

यात मुलाच्या स्वभावाचा दोष शोधू नका. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात संगणकावर गाडी चालवायचा खेळ काहींना एकट्याने, तर काहींना सोबत्यांसमोर खेळायला दिला होता. सोबती पाहत असताना किशोरवयीन मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. मोठ्यांच्या वागण्यात मात्र फारसा फरक पडला नाही. म्हणून नकाराची तालीमही चार जणांसमोरच करावी लागते.

तालीम कशी घ्यायची

आग्रह करणाऱ्याची भूमिका शिक्षकाने किंवा प्रशिक्षण घेतलेल्या साथियाने करावी. एक विद्यार्थी नकार देतो आणि दुसरा शेजारी उभा असलेला मित्र होतो. पुडी म्हणून कागदाची घडी पुरते. प्रसंग दोन मिनिटांचाच ठेवावा आणि आग्रह पायरीपायरीने वाढवावा.

पहिली पायरी साधी: “घे ना बे, एक चिमूट.” इथे “नको, मी नाही खात” एवढं पुरतं.

दुसरी टोमण्याची: “घाबरला का बे?” आता मुलं कारणं द्यायला लागतात, “बाबा रागावतात” वगैरे. त्यावर समोरून येतं, “बाबाले कुठं माहीत होते?” कारण दिलं की वाद सुरू होतो, आणि वादात मुलगा हरतो. म्हणून कारण न देता तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हणायला शिकवा: “नाही खात म्हटलं ना.”

तिसरी पायरी सगळ्यात अवघड: “मग आमच्यात कायले येते?” मुलाला खरी भीती याचीच असते. इथे नकार देताना मैत्री राखायची असते: “तुमच्यासोबतच आहो ना. चला, कबड्डी लावू.” एवढं बोलून तो मैदानाकडे पाऊल टाकतो. त्याच वेळी शेजारचा मित्र म्हणतो, “राहू दे ना बे, त्याले नको आहे.” हे वाक्य प्रत्येक मुलाकडून एकदा म्हणवून घ्या. एकट्याला चौघांपुढे टिकणं जड जातं. साथीला एक जण असला की दडपण बरंच उतरतं.

नंतरची दहा मिनिटं

इथेच बहुतेक वर्ग घाई करतात. टाळ्या वाजतात, तास संपतो आणि मनात काही उरत नाही. खेळ झाल्यावर मुलांना वहीत तीन उत्तरं लिहायला सांगा: कोणत्या वाक्याला मी डगमगलो? तेव्हा मला काय वाटलं? माझ्याबाबतीत हे कुठे आणि कोणासोबत घडू शकतं? वही कोणी मोठ्याने वाचायची नाही, हे आधीच सांगा. तरच खरं लिहिलं जाईल. तिसऱ्या उत्तरातून पुढच्या तालमीचा प्रसंग मिळतो.

आग्रह करणाऱ्याच्या संवादांनाच हशा आणि टाळ्या मिळत असतील, तर तालीम उलटी पडते आहे असं समजा. नकार देणारा तंबाखूच्या तोट्यांवर भाषण करू लागला, तर त्याला थांबवून एका वाक्यावर आणा. मित्रांमध्ये भाषण कोणी ऐकत नाही. आणि जो मुलगा खर्रा खातो असं सगळ्यांना माहीत आहे, त्याला पुडी देणाऱ्याची भूमिका कधीही देऊ नका.

तालीम पुरत नाही तेव्हा

मुलाला धमकावलं जात असेल, तर मोठ्यांनी मध्ये पडायला हवं. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं हा गुन्हा आहे. सवय लागलेल्या मुलाला उपचार लागतात. तिखटाने तोंडाची आग होते का, हे त्याला विचारा. मग तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका ही त्याचीच तीन बोटं एकावर एक धरून उभी समोरच्या दातांमध्ये घालायला सांगा. ती जात नसतील, तर सुपारीमुळे तोंड आखडत चाललं असण्याची शक्यता आहे. अशा वेळी लगेच सरकारी रुग्णालयातल्या दंतविभागात दाखवा. सवय सोडायला मदत हवी असेल, तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन मोफत आहे.

पालकांनो, हीच तालीम घरीही घेता येते. ती करताना मुलगा “मी एकदा खाल्ला होता” असं म्हणाला, तर रागावू नका. कोणी दिला आणि तेव्हा काय बोलणं झालं, एवढंच विचारा आणि तोच प्रसंग त्याच्यासोबत पुन्हा करून पाहा.