दिरहम, टेथर आणि भावाचं खातं

प्रश्न : दुबईत सुतारकाम करतो. दरमहा २,००० दिरहम चिपळूणला भावाकडे पाठवतो. सोबती म्हणतो, टेथर पाठव, मिनिटांत आणि जवळजवळ फुकट पोहोचतं. पाठवू का?

उत्तर : सोबत्याचं अर्धं खरं आहे. टेथर भावाच्या मोबाइलवर मिनिटांत पोहोचेल, पण वाण्याला रुपये द्यावे लागतात. खर्च त्या शेवटच्या टप्प्यात आहे.

२,००० दिरहमचे साधारण ५४५ टेथर होतात. भावाने भारतातल्या एक्स्चेंजवर ते विकले की १ टक्का टीडीएस कापला जातो, म्हणजे सुमारे २० दिरहम. विवरणपत्र भरलं तर तो परत मिळू शकतो. पण भाऊ ते भरतो का? शिवाय खरेदी-विक्रीच्या दरातली तूट वेगळी. मनी एक्स्चेंजचं शुल्कही बहुधा याच घरात असतं आणि पैसे बहुतेकदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जमा होतात. तिथे शुल्कापेक्षा दराकडे बघा. ‘२,००० दिले तर भावाच्या खात्यात नेमके किती रुपये पडतील?’ हे दोन-तीन ठिकाणी विचारा.

मला खरी धास्ती आहे ती अनोळखी माणसाला थेट टेथर विकण्याची. त्याने दिलेले रुपये सायबर फसवणुकीतले निघाले, तर तक्रारीनंतर बँक भावाचं खातं गोठवते आणि ते सोडवायला परराज्यातल्या पोलिसांपर्यंत धावपळ करावी लागू शकते. पैसे भलत्याच नावाच्या खात्यातून आले, तर टेथर सोडूच नये.

तुमच्या रकमेसाठी मी मनी एक्स्चेंजच निवडेन.