आत्याचा चेहरा उजेडात आणताना

अगं सोनू, फोटो पाहिला. आत्या गॅलरीच्या दारात पाटावर बसलीय, मांडीवर नातू, मागे भर दुपारचं ऊन, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. तरी पंच्याहत्तरीला हाच मोठा करून लावायचा म्हणतेस, आणि मला ते पटतंय. एरवी कॅमेरा दिसला की ती ताठ होते, इथे कशी सैल बसलीय बघ.

पण तू मला पाठवलास त्या फोटोवर काम करू नकोस. व्हॉट्सॲपवर फोटो आला की तो लहान होऊन, दाबून येतो आणि अंधाऱ्या भागातले बारीक फरक त्यात सहज पुसले जातात. आपल्याला तर नेमके तेच हवेत. ज्याच्या फोनने काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागव. गॅलरीतून फोटो म्हणून नको, Document म्हणून पाठव म्हणावं.

आता चेहरा काळा का झाला ते ऐक, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. फोन पूर्ण चौकटीचा उजेड मोजतो आणि एकंदर चित्र फार लख्ख नको, फार गडद नको असं बेतून घेतो. चौकटीचा अर्धा भाग उन्हाने भरलेला, म्हणून त्याने उजेड कमी घेतला. ऊन सावरलं, आत्या बुडाली. नेहमीच्या फोटोत प्रत्येक रंगाच्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 पायऱ्या असतात. समज, तिचा सगळा चेहरा 15 ते 35 एवढ्यातच अडकलाय. त्या वीसेक पायऱ्या आपण ताणून शंभरभर जागेत बसवायला निघालोय. मधल्या जागा भरायला माहितीच नाही, म्हणून जास्त ताणलं की गालावर रवाळ ठिपके येतात, रंगाचे चट्टे पडतात. किती ताणायचं याला मर्यादा आहे ती यामुळे.

म्हणून आधी फोटोत जीव आहे का ते बघ. स्नॅपसीड उघड, Tune Image मध्ये जा आणि Shadows पार शंभरावर ने. छान दिसावं म्हणून नव्हे, नुसती तपासणी. चेहरा बोटांनी मोठा करून डोळ्यांकडे बघ. बुबुळ आणि पांढरं वेगळं दिसतंय? नाकपुडीची कड, कपाळावर केस सुरू होतात ती रेघ? दिसत असेल तर फोटो वाचेल. तिथे नुसती करडी राख दिसली, तर तिथे काही टिपलंच गेलेलं नाही आणि कुठलंही बटण ते आणू शकणार नाही. पाठवलेल्या प्रतीतसुद्धा मला आत्याच्या चष्म्याची कड आणि कुंकू दिसलं, तेव्हा मूळ फाइलमध्ये नक्की जास्त असणार.

तपासणी झाली की Shadows पन्नास-साठपर्यंत खाली आण. तिथेच Highlights उणे तीस-चाळीस कर, म्हणजे मागच्या कुंडीतली पानं आणि गॅलरीचे गज थोडे परत येतील. आकाश मात्र पांढरंफेक आहे ते तसंच राहील, त्याच्या मागे लागू नकोस. सगळे करतात ती चूक म्हणजे थेट Brightness वाढवणं. त्याने चेहऱ्याबरोबर ऊनही वाढतं, आणि आधीच भडकलेलं दार अजून भडकतं.

एवढं झालं की चित्र जरा पिचकट, धुरकट दिसेल. घाबरू नकोस, सावल्या उचलल्या की काळं काळं राहत नाही. Contrast दहा-पंधराने वाढव. आत्याचे केस, नातवाचे डोळे आणि साडीच्या निऱ्यांमधली सावली पुन्हा काळी दिसली पाहिजे. ती काळी झाली की चेहरा आपोआप उजळ वाटतो. पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं.

नाहीच भागलं तर Selective. आत्याच्या गालावर टिचकी मार, तिथे एक खूण येईल. दोन बोटं चिमटीसारखी हलवून तिचा घेर चेहऱ्याएवढाच ठेव. घेर बदलताना कुठवर परिणाम होणार तो भाग लाल दिसतो. ही खूण आसपासचा मिळताजुळता रंगच धरते, त्यामुळे मागच्या उन्हावर सहसा जात नाही. तरी केसांच्या कडेकडे लक्ष ठेव. तिथे फिकट वलय दिसायला लागलं की घेर मोठा झालाय. Brightness वीस-पंचवीसने वाढव. दुसरी खूण मानेवर, तिसरी हातावर लाव, पण त्यांना चेहऱ्यापेक्षा कमी दे. चेहरा उजळ आणि मान काळी राहिली, तर मुखवटा लावल्यासारखी दिसेल.

थांबायचं कुठे? चेहरा मागच्या उन्हापेक्षा गडदच राहू दे. पाठीमागे ऊन असलेल्या माणसाचा चेहरा खरोखरही तसाच असतो. तो दाराइतका लख्ख केलास तर आत्या दुसऱ्या फोटोतून कापून चिकटवल्यासारखी वाटेल. आणि अजून एक, हे तुलाच सांगतेय: तिला गोरी करू नकोस. हात चालतोच त्या दिशेने, एकदा उजळायला लागलं की आपल्याला कळतही नाही. त्याच दिवशीचा, समोरून उजेड असलेला तिचा दुसरा फोटो शेजारी उघडून ठेव आणि गालाचा रंग त्याच्याशी जुळव. आत्याचा सावळा रंग आहे, तो सावळाच दिसला पाहिजे.

रंगाची एक गंमत आहे. तिच्या चेहऱ्यावर ऊन नाहीये, तिथे सावलीतला निळसर उजेड आहे. अंधारात तो कळत नव्हता, उचलला की चेहरा निस्तेज, आजारी दिसतो. Warmth पाच-दहाने वाढव. उलट गाल नारिंगी झाले असतील, तर गालावरच्या खुणेचं Saturation थोडं उतरव. Structure आणि Details मात्र चेहऱ्यावर वापरू नकोस, त्याने सुरकुत्यांआधी ते रवाळ ठिपकेच धारदार होतात.

मूळ फाइलही हट्टी निघाली आणि चट्टे गेलेच नाहीत, तर फोटो कृष्णधवल कर. रंगाचे डाग तिथे उरत नाहीत आणि उरलेला रवा जुन्या फोटोसारखा खपून जातो. मला तो पर्याय मनापासून आवडतो, पण साडीचा मोरपंखी रंग जाईल. ते आत्याला चालणार नाही, हे तूही जाणतेस.

काम संपलं की Export करून वेगळी प्रत ठेव, मूळ फाइलला हात लावू नकोस. मग फोन खाली ठेव, चहा घे आणि स्क्रीनचा उजेड मध्यम करून पुन्हा बघ. पूर्ण उजेडावर बसून काम केलं की सगळंच ठीक वाटतं. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, त्यामुळे छापील फोटो फोनपेक्षा गडद येतो. स्टुडिओत एकदम मोठी प्रत सांगू नकोस. आधी 4 x 6 ची एक काढून घे आणि जिथे तो लावायचा त्या भिंतीशी धरून बघ. चेहरा अजून दबलेला वाटला, तर गालावरच्या खुणेला आणखी पाच-दहा दे आणि मगच 12 x 18 छापायला टाक.