कायद्याचे पाठांतर : रचना, ठाय लय आणि मूक पढंत

तबल्याची भाषा मुखाने बोलता येते. म्हणून तिच्यातील रचना हात लावण्यापूर्वी पाठ करता येते. दिल्ली घराण्याचा प्राथमिक कायदा घ्यावा : धाधा तेटे धाधा तूना । ताता तेटे धाधा धीना. वरवर ही सोळा अक्षरे आहेत. पृथक्करण केले की पाठ करावयाचे फारसे उरत नाही. दुसरी ओळ ही पहिलीचीच आवृत्ती होय. नवव्या व दहाव्या स्थानी ‘धा’चा ‘ता’ होतो आणि पंधराव्या स्थानी ‘तू’ऐवजी ‘धी’ येते. ‘तू’पासून डग्ग्याचा घुमारा थांबतो, तो पुढच्या ‘धाधा’वर परततो. खाली-भरीचा हा न्याय उमगला, की स्मरणाला आठ अक्षरे व एक नियम एवढेच पुरते.

खरी कसोटी पलट्यात लागते. उदाहरणार्थ : धाधा तेटे धाधा तेटे धाधा तेटे धाधा तूना । ताता तेटे ताता तेटे धाधा तेटे धाधा धीना. येथे दोन्ही अर्धांत अखेरच्या ‘तूना’-‘धीना’पूर्वीची आठ अक्षरे एकच आहेत. त्यानंतर वाट फुटते. पूर्वार्धाच्या शेवटी चुकून ‘धीना’ निघाले, तर पलटा संपला असे वादकाला वाटते आणि तो पुढचा पलटा सुरू करतो. दुगुनीत त्या वेळी तीनतालाची नववी मात्रा असते. बोल अस्खलित वाटतात. मात्र लेहरा खालीवर असताना वादक सम धरून बसलेला असतो. हा दोष लेहऱ्याविना ध्यानातही येत नाही.

म्हणून हा सांधाच निराळा घोटावा. मात्रेला एक बोल, मिनिटाला साधारण साठ मात्रा, अशा ठाय लयीत प्रारंभ सहा अक्षरे आधीपासून करावा. एकदा ‘तूना’कडे, एकदा ‘धीना’कडे जावे. जलद लयीत बोटे सवयीने पुढे सरकतात. संथ लयीत ती सवय तुटते, आणि पुढचा बोल मनाला ठाऊक आहे की केवळ बोटांना, हे उघड होते.

नंतर तबला दूर ठेवावा. पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली दाखवीत प्रथम मोठ्याने पढंत करावी. मग ओठ मिटून तीच मनात चालवावी. सहाध्यायाने मध्येच थांबविताच चालू बोल सांगता आला पाहिजे. सुरुवात उत्तरार्धापासूनही करून पाहावी. पहिल्यापासून म्हटल्यावाचून जो बोल सापडत नाही, तो पाठ झालेला नाही.

पढंतीला मर्यादाही आहेत. ‘तेटे’ कोणत्या बोटांनी वाजवावे, हे अक्षर सांगत नाही. ते घराण्याघराण्यांत बदलते. डग्ग्यावरील मनगटाचा दाब तर बोलांत लिहिलाच जात नाही. मूक पढंतीत हा नाद कानात आणि निकास हातात कल्पावा लागतो. नुसती अक्षरे फिरविल्यास क्रम टिकतो, वादन टिकत नाही.