पुस्तकात ३२ लाख ८० हजार, पण जिनिंगची मशिनरी खरंच तेवढ्याची आहे का?

मागच्या व्हिडिओत घसारा पाहिला. त्यावर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता, "सर, घसारा टाकला की मशीनची किंमत बरोबर होते ना?" नाही होत. घसारा मशीन किती जुनं झालं एवढंच बघतो, बाजार पडला हे त्याला कळत नाही. त्यासाठी इम्पेअरमेंट टेस्ट असते. आपल्याकडे तिचे नियम ए.एस. २८ मध्ये आहेत.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामांत भाव उतरला, शेतकऱ्यांनी कापूस घरात साठवून ठेवला आणि जिनिंगला माल कमी आला.

आता समजा, आष्टीजवळ दोन भागीदारांची छोटी जिनिंग आहे. (आकडे समजावण्यापुरते.) शेड भाड्याचं. एप्रिल २०२१ मध्ये ४० लाखांची मशिनरी घेतली. आयुष्य १५ वर्षं, शेवटी भंगार ४ लाख, म्हणजे घसारा वर्षाला २ लाख ४० हजार. ३१ मार्च २०२४ ला पुस्तकी किंमत उरली ३२ लाख ८० हजार. एक भागीदार म्हणतो, "दादा, मला मोकळं करा, मशिनरीचा अर्धा हिस्सा द्या." अर्धा कशाचा? इथे टेस्ट लागते.

पायरी १: खूण आहे का? भाव पडला म्हणून लगेच तोटा धरायचा नाही. जिनिंगची कमाई कापसाच्या भावावर नाही, किती क्विंटल चालला आणि क्विंटलमागे किती सुटले त्यावर असते. इथे १२ हजार क्विंटलचे १० हजार झाले आणि सुटणारे पैसे १०० रुपयांवरून ९० वर आले. पुढेही असंच राहील असं मालकाला वाटतं. म्हणजे खूण आहे. एकच हंगाम वाईट असता तर निष्कर्ष वेगळा आला असता.

पायरी २: विकली तर किती? जुन्या मशिनरीचा व्यापारी २४ लाख देतो. खोलणं, भरणं आणि दलाली मिळून १ लाख जातील. हातात २३ लाख.

पायरी ३: चालवली तर किती? एकटा जिन काही कमवत नाही, म्हणून सगळी मशिनरी मिळून एकच युनिट धरायचं. १० हजार गुणिले ९० म्हणजे ९ लाख. त्यातून भाडं, मुनीम, विमा असा ५ लाख पक्का खर्च वजा. वर्षाला ४ लाख उरतात, अजून १२ वर्षं.

इथेच बहुतेक जण चुकतात. ४ गुणिले १२ अधिक भंगार ४, असे ५२ लाख मांडतात आणि म्हणतात, "तोटा कुठाय?" पण बाराव्या वर्षीचे ४ लाख आजचे ४ लाख नाहीत. १२ टक्के दराने आजची किंमत काढली तर वर्षाच्या ४ लाखांचे साधारण २४ लाख ८० हजार आणि भंगाराचा १ लाख, मिळून २५ लाख ८० हजार.

या हिशेबात कर्जाचं व्याज, हप्ता, घसारा आणि इन्कम टॅक्स वजा करायचा नाही. पुढे नवीन प्रेस बसवू, मग कमाई वाढेल, हेही धरायचं नाही. मशिनरी आज आहे तशीच मोजायची.

पायरी ४: तुलना. २३ आणि २५.८ यांतली मोठी रक्कम घ्यायची, कारण शहाणा मालक जास्त फायद्याचाच रस्ता धरेल. वसूल होणारी किंमत २५ लाख ८० हजार, पुस्तकी ३२ लाख ८० हजार. फरक ७ लाख, हाच इम्पेअरमेंट लॉस. तो नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून जातो आणि मशिनरीची किंमत तेवढी उतरते. पुढचा घसारा नव्या किमतीवर: २५.८ वजा ४, भागिले १२, म्हणजे वर्षाला सुमारे १ लाख ८२ हजार.

आता भागीदाराकडे या. जुन्या पुस्तकावर हिस्सा दिला असता तर १६ लाख ४० हजार गेले असते. टेस्टनंतर १२ लाख ९० हजार. राहणाऱ्याच्या खिशातले साडेतीन लाख वाचले, आणि जाणाऱ्याला दाखवायला कागदावर हिशेब आहे.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. हा तोटा इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून मिळत नाही, तिथला घसारा आपल्या पद्धतीने चालूच राहतो. बाजार सुधारला तर तोटा उलटवता येतो, पण मूळ घसाऱ्याने जी किंमत राहिली असती तिच्यावर जाता येत नाही. इथे दोन वर्षांनी ती मर्यादा २८ लाख असेल. आणि अगदी छोट्या धंद्यांना या नियमात सूट असते, तुम्हाला लागू आहे का ते सीएला विचारा. लागू नसला तरी भागीदारी मोडताना किंवा धंदा विकताना हा हिशेब एकदा कराच.

आता वही घ्या आणि तुमच्या सगळ्यात महागड्या मशीनच्या या चार पायऱ्या मांडा. कुठे अडलात ते कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!